गरम वायू कुठे जाऊन थांबतो? रायफलमधली डायरेक्ट इम्पिंजमेंट म्हणजे डीआय, आणि पिस्टन पद्धत

एसएलआर, म्हणजे आपल्या फौजेची जुनी सेल्फ-लोडिंग रायफल, खोलली की काळं काय निघणार, हे मला डोळे मिटून सांगता येईल. पुढचा गॅस प्लग, त्यामागचा पिस्टन आणि तो ज्यात सरकतो तो गॅस सिलिंडर. मागे ब्रीच ब्लॉकवर, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणाऱ्या भागावर, चिंधी फिरवली तर ती करडी होते, पण काळीकुट्ट होत नाही. फौजेत हत्यारं दुरुस्त करणारा आर्मरर म्हणून कित्येक वर्षं हेच हत्यार खोललं आणि जोडलं, त्यामुळे काजळी पुढे असते हे हाताला पाठ झालं होतं. मग एका प्रशिक्षणात अमेरिकेची एम४ कार्बाइन समोर आली. पुढच्या बाजूला खोलून पुसावं असं काही सापडेचना. ब्रीच ब्लॉकचंच काम करणारा बोल्ट बाहेर काढला आणि त्याच्या शेपटीवर काजळीचा असा कडक थर दिसला की तो नखाने निघेना.

परवा हे सगळं परत आठवायला कारण झाला माझा भाचा. तो अंबडला एका वर्कशॉपमध्ये सीएनसीवर असतो, त्यामुळे यंत्र कसं चालतं हे त्याला सांगावं लागत नाही. देवळालीला घरी आला होता. म्हणाला, "मामा, डीआय रायफल आतून घाण होते, गरम होते, आणि पिस्टनवाली स्वच्छ राहते, असं सगळीकडे वाचतो. मग अमेरिकेने इतकी वर्षं डीआय का ठेवली?" प्रश्न रास्त होता. मी त्याला म्हटलं, तू 'कोणती चांगली' असं विचारू नकोस. गरम वायू कुठे जाऊन थांबतो, एवढंच विचार. काजळी, उष्णता आणि धक्का, तिन्हींचं उत्तर तिथूनच निघतं.

आधी दोन्हींत सारखं काय आहे ते पाहू. गोळी बॅरलमधून पुढे जात असते आणि तिच्यामागे जळत्या दारूचा वायू प्रचंड दाबाने ढकलत असतो. बॅरलच्या वाटेत वरच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. गोळी ते छिद्र ओलांडून गेली की मागच्या वायूतला थोडासा वायू त्यातून बाहेर निसटतो. रायफल स्वतःहून रिकामं खोकं बाहेर फेकते आणि नवं काडतूस आत घेते ती या निसटलेल्या वायूच्या जोरावर. ही सगळी घाई फार थोड्या वेळात होते, कारण गोळीला बॅरलबाहेर पडायला एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. ती बाहेर पडली की दाब कोसळतो.

छिद्र कुठे पाडलंय यालाही महत्त्व आहे. निफाडकडे द्राक्षाच्या बागेत ठिबक टाकणाऱ्यांना हे लगेच कळेल: पंपाजवळच्या नळीला भोक पडलं तर पाणी फवाऱ्यासारखं उडतं, आणि ओळीच्या टोकाला पडलं तर नुसतं ओघळतं. बॅरलमध्येही काडतुसाच्या जवळ दाब जास्त आणि पुढे कमी. अमेरिकेच्याच एम१६ रायफलची बॅरल वीस इंची असते आणि तिचं छिद्र बरंच पुढे असतं. एम४ची बॅरल साडेचौदा इंची, छिद्र काडतुसाच्या खूप जवळ. म्हणजे पद्धत तीच असूनही एम४मध्ये वायू जास्त दाबाने, जास्त गरम आणि लवकर मागे येतो. लोक 'डीआय' म्हणून ज्या तक्रारी करतात, त्यातल्या बऱ्याच खरं तर आखूड बॅरलच्या असतात.

आता फरकाकडे येऊ. पिस्टन पद्धतीत निसटलेला वायू तिथेच, बॅरलच्या वर, एका छोट्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. काम झालं की वायू तिथल्याच छिद्रांतून हवेत सुटतो. मागे जातो तो फक्त लोखंडी दांड्याचा जोर. याचेही दोन प्रकार आहेत. एसएलआर ही बेल्जियमच्या एफएएल रायफलवर बेतलेली. तिच्यात पिस्टन थोडंसं अंतर मागे येऊन टकटक केल्यासारखा ठोका देतो आणि स्प्रिंगने परत जागेवर जातो. पुढचा प्रवास मागचे भाग मिळालेल्या वेगावर करतात. एके आणि आपली इन्सास यांच्यात पिस्टन मागच्या कॅरिअरलाच, म्हणजे बोल्टला घेऊन सरकणाऱ्या भागालाच, जोडलेला असतो, म्हणून तो पूर्ण वाट मागे जाऊन पूर्ण वाट पुढे येतो. पहिली आखूड फेरी, दुसरी लांब फेरी.

डीआयमध्ये पुढे सिलिंडरच नसतो. छिद्रातून निघालेला वायू एका बारीक स्टीलच्या नळीतून थेट मागे, बोल्ट जिथे आहे तिथे नेला जातो. नावाप्रमाणे अगदी सरळ डीआय पाहायची तर ती स्वीडनच्या १९४२ सालच्या युंगमन रायफलमध्ये किंवा फ्रेंचांच्या मास-४९मध्ये आहे. तिथे नळीतून आलेला वायू कॅरिअरच्या खळग्यावर आदळतो आणि त्याला मागे लोटतो. त्यात दुसरी काही करामत नाही.

एआर जातीच्या रायफलींची, म्हणजे एम१६ आणि एम४ची, गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला वाटतं भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. ही रचना करणाऱ्या युजीन स्टोनरने १९५६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० साली ते मिळालं. त्याच्या रचनेत वायू कॅरिअरवर नुसता आदळत नाही, तो कॅरिअरच्या पोटात शिरतो. तिथे बोल्टची शेपटी बसलेली असते आणि तिच्यावर तीन बारीक रिंगा असतात, अगदी मोटारसायकलच्या पिस्टनवर असतात तशा. म्हणजे बोल्ट हाच पिस्टन झाला आणि कॅरिअर हाच सिलिंडर. वायू कॅरिअरला मागे ढकलतो आणि त्याच वेळी बोल्टला पुढे रेटतो. बोल्टच्या दात्यांवर काडतुसाचा जोर मागच्या दिशेने असतो, तो यामुळे थोडा हलका होतो. कॅरिअर थोडा मागे सरकला की बोल्ट वळून सुटतो आणि उरलेला वायू कॅरिअरच्या उजव्या बाजूच्या दोन छिद्रांतून बाहेर पडतो. तेव्हा याला डीआय म्हणायची पद्धत पडली असली, तरी खरं पाहता हाही पिस्टनच आहे. फक्त तो बॅरलच्या वर नसून अगदी मध्यरेषेवर, बोल्टच्या मागे आहे.

भाचा लगेच म्हणाला, "म्हणजे गाडीचा सायलेन्सर बोल्टच्या खोलीत उघडावा तसं." अगदी बरोबर. आणि म्हणूनच काजळी तिथे साठते.

पण काजळी साठते आणि काजळीने हत्यार अडतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोल्टच्या शेपटीवरचा तो कडक थर दिसायला भयानक असतो. पण तो साठतो रिंगांच्या मागच्या मोकळ्या जागेत, आणि एका मर्यादेनंतर वायूचा झोतच त्याला वाढू देत नाही. माझ्या हातून त्या थरामुळे अडलेलं हत्यार कधी गेलं नाही. अडतं ते कोरडेपणामुळे. गरम वायू तेल जाळतो, उरलेल्या तेलात काजळी मिसळून चिकट लेप होतो, आणि कॅरिअर ज्या पट्ट्यांवर सरकतो तिथे तो घासू लागतो. तेल घातलं की तीच काळी रायफल परत धावते. पिस्टनवाल्या हत्याराला कोरडं राहणं जास्त सोसतं, हा फरक खरा आहे आणि तो मी नाकारणार नाही.

व्हिएतनाममध्ये एम१६ अडली, सैनिक मेले, त्याचं खापर आजही वायूच्या नळीवर फुटतं. घडलं ते असं. मूळ रचना एका प्रकारच्या दारूवर तपासलेली होती. पुढे सैन्याने दुसरी, गोल दाण्यांची दारू वापरायला घेतली. तिच्यामुळे रायफल जास्त वेगाने चालू लागली आणि अवशेषही जास्त उरू लागला. त्यात आम्ल मारण्यासाठी मिसळलेलं कॅल्शियम कार्बोनेट नळीत साठू लागलं. दमट हवेत काडतुसाच्या खोलीला गंज चढायचा, कारण तिला क्रोमचा मुलामा दिला नव्हता. वर हे हत्यार साफ करावं लागत नाही असा समज पसरलेला, आणि साफसफाईचं साहित्य अनेकांपर्यंत पोहोचलेलंच नव्हतं. सर्वांत वाईट अडचण होती ती गंजलेल्या खोलीत खोकं अडकून बसण्याची. ते खोकं पिस्टन लावूनही सुटलं नसतं. १९६७ साली अमेरिकी संसदेच्या उपसमितीने याची चौकशी केली. क्रोमचा मुलामा, बदललेली दारू आणि नियमित सफाई आल्यावर ही तक्रार मोठ्या प्रमाणात मिटली. वायूची नळी मात्र तशीच राहिली.

तरीही आकडे पिस्टनच्या बाजूने बोलतात असं कोणी म्हणालं तर तो चूक नाही. २००७ साली अमेरिकी सैन्याने धुळीच्या खोलीत चाचणी घेतली. प्रत्येक प्रकारच्या दहा रायफली आणि प्रत्येक प्रकारासाठी साठ हजार गोळ्या. एम४ ८८२ वेळा अडली. जवळजवळ तीच रचना, पण आखूड फेरीचा पिस्टन लावलेली एचके४१६, २३३ वेळा. फरक जवळपास चौपट. इथे बरेच जण वाचायचं थांबवतात. पण त्या ८८२ मधल्या २३९ वेळा दोष मॅगझिनचा होता, आणि मॅगझिनला वायूच्या पद्धतीशी देणंघेणं नाही. शिवाय त्याच वर्षी उन्हाळ्यात झालेल्या आधीच्या फेरीत एम४ ३०७ वेळा अडली होती. तीच पद्धत, तेवढ्याच गोळ्या, आणि आकडा अडीचपटीहून जास्त हलला. म्हणजे धूळ, तेल, मॅगझिन, स्प्रिंगची झीज यांचा वाटा छोटा नाही. पिस्टनचा फायदा त्यात आहे, पण तो नेमका किती, हे या एका तुलनेतून वेगळं काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाहेर फारशी बोलली जात नाही. हत्याराच्या पोटातली सगळी काजळी वायूच्या नळीतून येत नाही. खोकं काडतुसाच्या खोलीतून बाहेर ओढलं जातं तेव्हा बॅरलमध्ये उरलेला धूर त्याच्यामागून सरळ आत येतो. हे पिस्टनवाल्या हत्यारातही होतं. बॅरलच्या तोंडावर आवाज दाबणारा सप्रेसर लावला की वायू पुढे लवकर निघू शकत नाही, आणि मागे येणारा धूर कितीतरी वाढतो. मग पिस्टनवाली रायफलही आतून काळी होते आणि दोघींमधलं अंतर बरंच कमी होतं. पिस्टन लावला म्हणून सप्रेसरसोबत हत्यार स्वच्छ राहील अशी अपेक्षा ठेवणारा माणूस निराश होतो.

उष्णतेचा हिशोब तुलनेने सोपा आहे. दारूतल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग गोळीला मिळतो. बाकीचा बहुतेक वायूसोबत बाहेर जातो आणि काही भाग बॅरलमध्ये मुरतो. बॅरल तापणं दोन्ही पद्धतींत जवळपास सारखंच असतं, आणि सतत गोळीबारात आधी हात टेकते ती बॅरलच. पद्धत ठरवते ती फक्त छिद्रातून निसटलेल्या त्या थोड्या वायूची उष्णता कुठे जाणार ते. डीआयमध्ये ती बोल्ट, कॅरिअर, रिंगा आणि खोकं ओढणाऱ्या छोट्या स्प्रिंगपर्यंत पोहोचते. त्या स्प्रिंगला सतत उष्णता आवडत नाही, ती हळूहळू मऊ पडते. पिस्टनमध्ये हीच उष्णता पुढच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे बरोबर डाव्या हाताच्या वर राहते. एसएलआरचा पुढचा भाग दोन-तीन मॅगझिननंतर किती तापतो, हे ज्यांनी ती धरली आहे त्यांना विचारा. बोल्ट मात्र हातात घेता येतो.

धक्क्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. भाचा म्हणाला, "एसएलआरने खांदा दुखतो, एम४ने दुखत नाही, म्हणजे पिस्टनचा धक्का जास्त." मी त्याला कागद दिला आणि हिशोब करायला लावला.

एम४ची गोळी साधारण चार ग्रॅमची, वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास. त्यामागे पावणेदोन ग्रॅम दारूचा वायू, तो गोळीहूनही वेगाने बाहेर पडतो. दोघांचा मिळून संवेग पावणेसहा एककांच्या जवळ येतो. तेवढाच संवेग उलट दिशेने रायफलला मिळतो. साडेतीन किलोचं हत्यार धरलं तर ते सेकंदाला साधारण एक पूर्णांक सहा मीटर वेगाने मागे यायला बघतं, म्हणजे पाच जूलच्या आसपास ऊर्जा. आता एसएलआर. गोळी नऊ ग्रॅमहून थोडी जास्त, वेग आठशे चाळीसच्या आसपास, दारू तीन ग्रॅमच्या जवळ. संवेग साडेअकराच्या वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. रायफल साडेचार किलोची धरली तरी ऊर्जा पंधरा जूलच्या घरात, म्हणजे तिप्पट. खांदा दुखला तो काडतुसामुळे. या हिशोबात पिस्टन कुठे आलाच नाही, आणि तो येऊही शकत नाही. एकूण धक्का ठरतो बाहेर गेलेल्या गोळीने, वायूने आणि हत्याराच्या वजनाने.

पद्धत बदलते ती धक्क्याची चव. बॅरलमधून गोळी जाताना पहिला झटका येतो. नंतर मागे धावलेला कॅरिअर शेवटच्या टोकाला आपटतो तेव्हा दुसरा, आणि पुढे येऊन बंद होताना तिसरा, उलट दिशेचा. मागे जाणारा भाग जितका जड आणि जितका वेगवान, तितका दुसरा झटका जाणवतो. एआरचा बोल्ट आणि कॅरिअर मिळून तीनशे ग्रॅमच्या थोडं वर भरतात. एकेचा कॅरिअर पिस्टनसह पाचशे ग्रॅमच्या आसपास. लांब फेरीच्या हत्यारात मागचा ठोका म्हणूनच जास्त कळतो.

दुसरी गोष्ट रेषेची. एआरमध्ये वायू बोल्टच्या मध्यरेषेवर ढकलतो आणि मागची स्प्रिंगही त्याच रेषेत खांद्याकडे जाते. पिस्टन बॅरलच्या वर असतो, म्हणून तो कॅरिअरला वरून ढकलतो. तितक्याच जोराने वायू सिलिंडरचं पुढचं टोक पुढे रेटतो, आणि ते टोक बॅरलला बांधलेलं असतं, त्यामुळे बॅरल किंचित वाकते. सामान्य सैनिकाला यातलं काही कळणार नाही, पण अचूक निशाण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच एआर डीआयवरच राहिल्या, त्याचं एक कारण हे आहे.

वरून ढकलण्याचा एक दोष मात्र प्रत्यक्ष दिसतो. मूळ डीआयसाठी बनवलेल्या एआरमध्ये पिस्टन बसवला की कॅरिअरच्या डोक्यावर ठोका बसतो आणि त्याची शेपटी खाली झुकते. ती मागच्या ॲल्युमिनियमच्या नळीच्या तोंडाला, खालच्या बाजूला खरवडते. नळीच्या कडेला चंद्रकोरीसारखी चमकती खाच आणि बोटाला लागणारा बारीक चुरा दिसला की समजायचं. नंतरच्या रचनांमध्ये कॅरिअरची मागची बाजू रुंद करून किंवा त्याला खालून आधार देऊन हे बरंचसं आवरलं गेलं.

डीआयचे दोष वेगळे आहेत, आणि ते ओळखता येतात. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहिला नाही, रिकामी खोकी पायाशीच पडू लागली, तर मागे पोहोचणारा वायू कमी पडतोय. मग आधी पाहायची कॅरिअरवरची छोटी चावी, म्हणजे नळीचं तोंड जिच्यात शिरतं तो भाग. तिचे दोन स्क्रू सैल असतील तर तिच्या पायाशी काजळीची रेघ उमटलेली असते. ती ठीक असेल तर रिंगा. बोल्ट बाहेर ओढलेल्या अवस्थेत पूर्ण कॅरिअर बोल्टच्या डोक्यावर उभा करायचा. तो तसाच उभा राहिला तर रिंगा चांगल्या, स्वतःच्या वजनाने खाली बसला तर झिजल्या. रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या म्हणून वायू निसटतो असं कोणी सांगेल, त्यात फारसा अर्थ नाही.

एसएलआरमध्ये हेच लक्षण दिसलं की आम्ही हत्यार न खोलता गॅस रेग्युलेटर एक-दोन घर फिरवायचो. बाहेर वाया जाणारा वायू कमी झाला की जास्त वायू पिस्टनवर येतो आणि खोकं परत लांब पडतं. काजळी, थंडी, कमजोर काडतूस, सगळ्यांवर तोच तात्पुरता उपाय. एम४ला नेहमीच्या रूपात असं काही फिरवायला नाही. तिचं छिद्र जेवढं आहे तेवढं. माझ्या लेखी पिस्टनचा सर्वांत मोठा फायदा स्वच्छता नव्हे, तर हे रेग्युलेटर होतं. पण रेग्युलेटर गरजेपेक्षा जास्त बंद ठेवून पुढे महिनोन्‌महिने तसंच वापरलेलं हत्यारही मी पाहिलंय. त्याच्या मागच्या भागांवर ठोक्यांच्या खुणा उठल्या होत्या.

भाच्याने कागदावरचे दोन आकडे पुन्हा तपासले आणि विचारलं, "मग आपल्या एके-२०३मध्ये वायू कुठे थांबतो?" मी त्याला बॅरलच्या वरची नळी दाखवली आणि म्हटलं, "इथेच, लांब फेरीचा पिस्टन आहे. साफ करताना चिंधी आधी इथे जायला हवी."